पाच रेघांतला पूर

समजा, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत नाशिकच्या गोदाघाटाचे छायाचित्र आहे आणि खाली वर्णनासाठी पाच रेघा. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढले आहे, पायऱ्या बुडाल्या आहेत, एक फूलवाली हारांची टोपली उचलते आहे. विद्यार्थी मात्र लिहितो, ‘गोदावरी ही पवित्र नदी आहे. ती त्र्यंबकेश्वरी उगम पावते.’ विधाने खरी. पण छायाचित्रात त्यांतले काहीच दिसत नाही. पाठ केलेला निबंध ओळखणे सोपे असते. चित्र झाकून वाचले तरी त्यात काही उणे भासत नाही.

एका रेघेत सुमारे आठ शब्द मावतात. म्हणजे हाती चाळीसच शब्द. त्यांत मारुती, पाणी, फूलवाली आणि तिची घाई एवढेच बसते. अनुमानाला मज्जाव नाही, मात्र त्याची खूण चित्रात हवी. ‘पाणी गढूळ आहे, वर पाऊस झाला असावा’ हे चालेल. ‘गंगापूर धरणातून पाणी सोडले’ हे नाही, नाशिककराला ते कितीही स्वाभाविक वाटो.

याच चित्राखाली ‘इतक्यात तिला मागून हाक आली’ अशी अपुरी कथा दिली, तर अनेक मुले पावसाच्या वर्णनातच तीन रेघा खर्च करतात. हाक कोणाची, हे सांगण्यापूर्वी जागा संपते आणि शेवट समासात बारीक अक्षरांत कोंबला जातो. वास्तविक पहिल्याच वाक्यात हाक मारणारा यावा: ‘हाक धाकट्या मुलाची होती, तो बुडत्या पायरीवर अडकला होता. तिने टोपली सोडून त्याचा हात धरला. हार वाहून गेले.’ कथा तीन रेघांत पुरी झाली. दोन अजून मोकळ्याच आहेत.