ळ हरवला तर मंडळ कुणाचं?



आपल्या भोपाळच्या मराठी मुलांची एक गंमत आहे. त्यांना देवनागरी उत्तम वाचता येते, कारण शाळेत हिंदी असते. पण ‘मंडळ’ समोर आलं की बरीचशी मुलं ‘मंडल’ म्हणतात. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांचं नेमकं उलटं आहे. आई-बाबांच्या तोंडून ऐकून ती ‘मंडळ’ बरोबर म्हणतात, पण तेच अक्षरांत लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही. थोडक्यात, आपल्या मुलांना लिपी येते आणि उच्चार जातो, तिकडच्यांना उच्चार येतो आणि लिपी जाते.

हे लक्षात आलं ते आतेबहिणीमुळे. ती अमेरिकेतल्या एका छोट्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. मंडळाचं बोधचिन्ह, फलक, वेबसाइट, सगळं नव्याने करायचं ठरलं आणि ‘तू कॉम्प्युटरवाला आहेस ना’ या एका पात्रतेवर मला त्यात ओढलं गेलं. मी चित्रकार नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण या कामातला अर्धा गुंता अक्षरांचा निघाला, आणि अक्षरं कॉम्प्युटरवर कशी बसतात ते मला थोडंफार कळतं.

परदेशातल्या मराठी संस्थांची नावं साधारण एकाच साच्यातली असतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, शिकागोचं १९६९चं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ची. ही नावं ठेवणाऱ्यांना ती कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. वाचणारे सगळे महाराष्ट्रातून, किंवा आपल्यासारखे इंदूर-भोपाळहून गेलेले. आता त्याच नावापुढे दोन वाचक उभे आहेत. आजी-आजोबा आणि आई-बाबा देवनागरी आधी पाहतात, रोमन त्यांना दिसतच नाही म्हणा ना. मुलं रोमन वाचतात आणि देवनागरीकडे चित्र म्हणून पाहतात.

सोपा उपाय म्हणून बरीच मंडळं आद्याक्षरांकडे वळतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाला सगळे ‘बीएमएम’ म्हणतात आणि ते चालतं, कारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनाने त्या तीन अक्षरांत अर्थ भरला आहे. छोट्या मंडळाकडे तेवढं भांडवल नसतं. ‘एमएम’च्या पुढे गावाचं अक्षर जोडलं की ना मराठी उरतं ना अर्थ. बहिणीला मी पहिल्याच फोनवर सांगितलं, आद्याक्षरं नकोत, पूर्ण नाव दोन्ही लिप्यांत ठेवू.

मग प्रश्न आला चित्राचा. कार्यकारिणीतल्या काकांना तुतारी हवी होती, कुणाला मशाल. पण निवडणूक आयोगाने २०२२ मध्ये एका पक्षाला मशाल दिली आणि २०२४ मध्ये दुसऱ्याला ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्यामुळे महाराष्ट्रातून नुकतंच आलेलं कुटुंब या चिन्हांकडे पाहून आधी पक्षच ओळखतं. आणि मुलांनी तुतारी बघितलेलीच नाही. माझं मत असं की अशा मंडळाचं चित्र अक्षरांतूनच निघावं, कारण अक्षरावर कुणाचा दावा नसतो.

पण कोणतं अक्षर? आणि कसं काढलेलं? हिंदीच्या शेजारात वाढल्याचा फायदा मला इथे झाला.

आपण आणि हिंदीवाले एकच देवनागरी वापरतो, पण दोन अक्षरांचे आकार वेगळे आहेत. हिंदी छपाईतल्या ‘ल’ला उजवीकडे उभा दांडा असतो. मराठी ‘ल’ला दांडा नसतो, दोन पाकळ्या असतात. हिंदी ‘श’ला वर गाठ असते, मराठी ‘श’ला देठ. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हे ठरवूनही दिलं आहे: पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. कॉम्प्युटरच्या दृष्टीने मात्र दोन्ही ‘ल’ एकच आहेत, युनिकोडमध्ये त्यांना एकच क्रमांक आहे. कोणता आकार दाखवायचा ते फाँट ठरवतो, आणि पुष्कळ फाँट काही सांगितलं नाही तर हिंदीचा दाखवतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही आकार असतात, फक्त मजकूर मराठी आहे हे त्याला सांगावं लागतं. वेबसाइटवर ते एवढंच:

```html
<h1 lang="mr">महाराष्ट्र मंडळ, लंडन</h1>
```

`lang="mr"`च्या जागी `hi` लिहून बघा, ‘लंडन’च्या ल ला दांडा फुटेल. काहीच बदललं नाही तर त्या फाँटमध्ये मराठी आकार नाहीत असं समजावं आणि दुसरा फाँट शोधावा. लंडनला ल मध्ये अडकायला होतं तसं शिकागोला श मध्ये, आणि ‘मराठी शाळा’ हे शब्द तर बहुतेक मंडळांच्या फलकावर असतातच. दांड्याचा ल पाहून सत्तरीतल्या आजीला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण ‘हे हिंदीवाल्यांचं आहे का गं?’ असं ती विचारते. परदेशातल्या मंडळाला हा प्रश्न महाग पडतो, कारण त्याच गावात हिंदी कार्यक्रम करणाऱ्या संस्थाही असतात.

ळ चं तर वेगळंच. प्रमाण हिंदीत हे अक्षर नाहीच. आपल्या शहराचंच बघा, आपण भोपाळ म्हणतो, पाटीवर भोपाल असतं. बहिणीच्या मंडळासाठी कापडी फलक इथूनच छापून आत्याबरोबर पाठवायचा होता, म्हणून मी जवाहर चौकातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो. मी दिलेला युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये चिकटवल्याबरोबर फुटला. ष्ट्र चे तीन तुकडे झाले, ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे जाऊन बसले. तेव्हा त्या मुलाने कृतिदेवमध्ये स्वतःच टाइप करून दिलं: ‘महाराष्ट्र मंडल’. मी ळ दाखवला तर म्हणाला, “भैया, मंडल ही तो होता है!” त्याचं काही चुकलं नाही, त्याच्या भाषेत तसंच होतं. उपाय एकच, छापखान्याला टाइप करायला काही ठेवायचंच नाही. नावाची अक्षरं आधी रेषांमध्ये, म्हणजे ‘कर्व्ह’मध्ये बदलायची आणि पीडीएफ द्यायची. मग फाँट असो-नसो, आकार हलत नाही. घरी येऊन तसं केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून फलक अगदी नीट छापून आला.

आता रोमन भाग. इथे ‘भारतीय’ दिसावं म्हणून इंग्रजी अक्षरांना वर शिरोरेषा चढवलेले फाँट वापरायचा मोह होतो. समरकान नावाचा असा एक फाँट जगभर दिसतो. बहिणीच्या मुलीने नमुना बघून एका वाक्यात निकाल लावला: “हे जेवणाच्या मेन्यूसारखं आहे.” साधी, स्वच्छ रोमन अक्षरं घ्यावीत. फक्त दोन्ही लिप्यांचा फाँट-आकार आकड्याने सारखा ठेवून भागत नाही. रोमन नाव सगळं मोठ्या अक्षरांत घ्यायचं असेल तर त्यांची उंची देवनागरीच्या तळापासून शिरोरेषेपर्यंतच्या उंचीएवढी करावी, आणि रेषेची जाडी डोळ्यांनी जुळवावी. तसं नाही केलं तर एक लिपी मालकीण दिसते आणि दुसरी पाहुणी. रोमनमध्ये ळ साठी वेगळं अक्षर नाही, म्हणून ‘Mandal’ वाचून बाहेरचे लोक ‘मंडला’ ही रांगोळीसारखी आकृती समजतात. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. एकच स्पेलिंग ठरवावं आणि सगळीकडे तेच ठेवावं, एवढंच हातात आहे.

राहिलं ते छोटं चिन्ह, व्हॉट्सॲपच्या गोलातलं किंवा ब्राउझरच्या टॅबवरचं. टॅबवरचं चिन्ह ३२ पिक्सेल रुंद धरलं तर ‘महाराष्ट्र मंडळ’च्या सात अक्षरांना प्रत्येकी जेमतेम साडेचार पिक्सेल मिळतात. त्यात ष्ट्र म्हणजे शाईचा ठिपकाच. एकच अक्षर बसतं. काकांचं म्हणणं होतं ‘म’, आणि ते स्वाभाविकही आहे. पण म हिंदीचाही आहे, नेपाळीचाही. मी ळ सुचवला. काका म्हणाले, “अरे, ळ ने एक तरी शब्द सुरू होतो का?” नाही होत. पण मंडळ, शाळा, बाळ, खेळ, पुरणपोळी, या सगळ्यांच्या पोटात तो आहे, आणि मुलांनी घरी ऐकलेला आहे.

बहिणीने मराठी शाळेतल्या मुलांना कागदावर दोन सेंटिमीटरचा नमुना दाखवला. उत्तर आलं, “इन्फिनिटी!” आडवा आठ, गणितातलं अनंताचं चिन्ह. मोठ्यांना हसू आवरेना. पण इशारा खरा होता, मुलांना त्यात अक्षर दिसतच नव्हतं. मग आम्ही शिरोरेषा जाड केली, ती ळ च्या दोन्ही बाजूंना थोडी बाहेर काढली आणि देठ स्पष्ट दाखवला. दुसऱ्या वेळी एकाने “छपराखालची इन्फिनिटी” म्हटलं, आणि मग एकेकाने वहीत काढून बघितलं. देवनागरी न वाचणाऱ्या मुलांना हाताने काढता येईल असा हा आकार आहे, मला तेवढं पुरेसं वाटलं. काकांना अजून पटलेलं नाही. त्यांच्या समाधानासाठी नियम केला की ळ एकटा फक्त गोलात आणि टॅबवर येईल. पावती, फलक, पत्र, सगळीकडे त्याच्या शेजारी पूर्ण नाव दोन्ही लिप्यांत असेल.

शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं होतं. कार्यकारिणी बदलली की मूळ फाइल जुन्या सचिवाच्या लॅपटॉपमध्ये राहते आणि नवे लोक व्हॉट्सॲपवरून आलेला धुरकट फोटो ताणून छापतात. म्हणून मंडळाच्या स्वतःच्या खात्यावर एक फोल्डर केला. त्यात कर्व्ह केलेली एसव्हीजी आणि पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एका रंगातली आवृत्ती, फाँटचं नाव आणि ठरलेलं स्पेलिंग आहे. पहिल्या पानावर बहिणीने मोठ्या अक्षरांत एक सूचना लिहिली आहे: ‘नाव पुन्हा टाइप करू नये.’