गळती आणि आवर्ती उत्पन्न : प्रकल्प अहवाल वाचताना

पूर्वी संगणक प्रणाली एकदाच विकत घेतली जात असे. आता अनेक प्रणाली इंटरनेटवरून, मासिक किंवा वार्षिक वर्गणी घेऊन पुरविल्या जातात. पुण्यात 2008 साली सुरू झालेली ड्रुवा ही माहितीच्या सुरक्षित प्रती जतन करणारी कंपनी याच पद्धतीने व्यवसाय करते. अशा व्यवसायाचे प्रकल्प अहवाल आता आपल्या घरांतील तरुणही तयार करू लागले आहेत, आणि त्यासाठी वडीलधाऱ्यांच्या मुदत ठेवी किंवा जामीनदाराची सही मागितली जाते. सही करण्यापूर्वी अहवालातील एक आकडा अवश्य पाहावा. तो आकडा गळतीचा.

दरमहा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वर्गणीला आवर्ती उत्पन्न म्हणतात. आवर्ती ठेवीशी आपण परिचित आहोत. तेथे हप्ता किती काळ येणार हे आरंभीच ठरलेले असते. येथे मात्र ग्राहक कोणत्याही महिन्यात वर्गणी थांबवू शकतो. महिन्याच्या प्रारंभी असलेल्या ग्राहकांपैकी शेकडा किती त्या महिन्यात सोडून गेले, ती मासिक गळती, इंग्रजीत ‘चर्न’.

उदाहरण घेऊ. समजा, परभणीतील एका तरुणाने मोंढ्यातील आडत दुकानांसाठी हिशेबाची प्रणाली तयार केली. मासिक वर्गणी 500 रुपये, आजचे ग्राहक 200. म्हणजे आवर्ती उत्पन्न दरमहा 1 लाख रुपये. दरमहा 20 नवे ग्राहक मिळतील असा त्याचा अंदाज आहे. पगार, भाडे, कर्जाचा हप्ता असा एकूण मासिक खर्च 1 लाख 80 हजार. तो भागण्यास 360 ग्राहक हवेत. अहवालात सरळ बेरीज केलेली असते : आठ महिन्यांत 160 नवे, आठव्या महिन्याअखेर खर्च भागला.

आता गळती 5 टक्के धरू. पहिल्या महिन्यात 200 पैकी 10 जातील, 20 येतील, 210 उरतील. पुढील महिन्यात 5 टक्के 210 वर लागतील. ग्राहक वाढतात तसे जाणारेही वाढतात. याच रीतीने हिशेब पुढे नेला, तर बारा महिन्यांनी ग्राहक 440 नव्हे, सुमारे 292 होतात. वर्षभरात 240 नवे मिळवूनही निव्वळ वाढ केवळ 92. आणि 360 चा टप्पा आठव्या नव्हे, बत्तिसाव्या महिन्यात गाठला जातो. मधल्या दोन वर्षांची तूट कोण भरणार, हा प्रश्न सही करणाऱ्याचा आहे.

या व्यवसायाला एक कमाल मर्यादाही असते. दरमहाच्या नव्या ग्राहकांना गळतीच्या दराने भागले की ती मिळते. 20 भागिले 0.05, म्हणजे 400. चारशे ग्राहक झाले की 20 येतात आणि 20 जातात, वाढ थांबते. म्हणून या उदाहरणात मासिक खर्च 2 लाखांच्या वर गेला, तर तो कधीच भागणार नाही. उलट गळती 3 टक्क्यांवर आणली, तर मर्यादा सुमारे 667 होते आणि 360 ग्राहक चौदाव्या महिन्यातच होतात. नवे ग्राहक तेवढेच. फरक केवळ टिकण्याचा.

अहवालातील गळतीचा दर खरा कशावरून मानावा? एकत्रित सरासरीवर विसंबू नये. नवे ग्राहक भराभर येत असता एकूण संख्या वाढत राहते आणि जाणारे नजरेआड होतात. ग्राहकांची यादी जोडणीच्या महिन्यानुसार मागावी : जूनमध्ये किती जोडले गेले, त्यांपैकी सहा महिन्यांनी किती उरले? आडतीसारख्या हंगामी व्यवसायात कापसाची आवक सरल्यावर काय झाले, हे त्याच यादीत दिसेल.

वार्षिक वर्गणी असेल तर अधिक सावध राहावे. एप्रिलमध्ये आलेले 6,000 रुपये एप्रिलचे उत्पन्न नव्हे. ते दरमहा 500 प्रमाणेच धरावेत. शिवाय अशा ग्राहकाची गळती अकरा महिने शून्य दिसते आणि नूतनीकरणाच्या वेळी एकदम प्रकट होते. ज्या योजनेचे पहिले नूतनीकरणच अद्याप झालेले नाही, तिच्यातील गळतीचा आकडा हा केवळ अंदाज असतो.

तेव्हा जामीनदाराने अहवालकर्त्याकडे दोन तक्ते मागावेत : एक त्याने धरलेल्या गळतीचा आणि दुसरा तिच्या दुप्पट गळतीचा. दुसऱ्या तक्त्यातही हप्ता भागत नसेल, तर कर्जाची रक्कम कमी करावी किंवा परतफेडीची मुदत वाढवून घ्यावी, आणि मगच सही करावी.