रोबस्टाची नाहक बदनामी

‘शंभर टक्के अरेबिका’ असे पाकिटावर छापले की कॉफी उत्तम, आणि रोबस्टा म्हणजे पैसे वाचवायला घातलेली भरती, हे मत आता पक्के झाले आहे. मला ते मान्य नाही.

त्यातले खरे तेवढे आधी घेऊ. अरेबिकाच्या बीत साखर आणि तेल जास्त असते, म्हणून तिचा सुगंध भरपूर, चव किंचित आंबट आणि मागून गोडसर. रोबस्टा अधिक कडू आणि दाट. हा जातीचाच फरक आहे. पण रोबस्टाला ओल्या पोत्याचा वास येतो, ही तक्रार जातीची नाही, वाळवणीची आहे. कर्नाटकातल्या कॉफीच्या व्यापारात फळ आख्खेच उन्हात वाळवले तर त्या मालाला ‘चेरी’ म्हणतात. साल-गर काढून, धुऊन वाळवलेला रोबस्टा ‘पार्चमेंट’, आणि तशीच अरेबिका ‘प्लँटेशन’. चेरीचे थर जाड राहिले, वेळेवर उलथले नाहीत, की बुरशी धरते आणि तो वास कपापर्यंत येतो. निगुतीने केलेल्या पार्चमेंटला तो येत नाही. उलट, हयगयीने वाळवलेली अरेबिकाही तशीच कुबट लागते.

भाव जास्त म्हणून चव श्रेष्ठ, हेही खरे नाही. अरेबिकाला उंच, थंड डोंगर लागतो आणि आपल्याकडे खोडकिडा तिची झाडे पोखरतो. रोबस्टा सखल भागात येतो, रोगाला दाद देत नाही आणि उत्पन्नही अधिक देतो. स्वस्ताई त्यातून येते, आणि तीही कायमची नाही. २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात रोबस्टा टनाला ५,००० डॉलरच्या वर गेला होता.

मात्र ‘कडक हवी तर नुसता रोबस्टा घ्या’ असे सांगणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. अरेबिकात कॅफीन साधारण १.२ टक्के, रोबस्टात २.२. दोन कपांसाठी १५ ग्रॅम पूड घेतली, तर अरेबिकात सुमारे १८० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि रोबस्टात ३३०. सवय नसलेल्याची छाती धडधडते, झोप उडते, आणि दोष कॉफीला दिला जातो.

मग नवख्याने काय घ्यावे? बिनदुधाची पिणार असाल तर मध्यम भाजलेली निव्वळ अरेबिका. तिथे तिचा सुगंध कळतो. पण आपल्या घरांत कॉफी बहुधा दूध-साखरेची होते. दुधात अरेबिकाचा नाजूकपणा बुडतो आणि माणूस पूड वाढवत जातो. त्याने ७० टक्के प्लँटेशन आणि ३० टक्के रोबस्टा पार्चमेंट, चिकोरीशिवाय, असे मिश्रण घ्यावे. त्याच १५ ग्रॅममध्ये कॅफीन सुमारे २२५ मिलिग्रॅम राहते आणि दुधातही चव टिकते. दुकानदाराला जात विचाराच, पण रोबस्टा चेरी आहे की पार्चमेंट, हेही विचारा. सांगता आले नाही तर दुसरे दुकान पाहा.