एकच घाव, दोन उलटे रोग

धनुर्वातात शरीर लाकडासारखं ताठ होतं आणि बॉट्युलिझममध्ये ते लुळं पडतं. एकात जबडा उघडत नाही, दुसऱ्यात पापणी उचलत नाही. इतके उलटे रोग ज्या दोन विषांमुळे होतात, ती मात्र सख्खी भावंडं आहेत. दोन्ही क्लॉस्ट्रिडियम कुळातल्या जिवाणूंची, दोन्हींची रचना जवळपास सारखी. 1992 साली इटलीतल्या पाडुआ इथल्या शियावो, मॉन्टेकुको आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की धनुर्वाताचं विष आणि बॉट्युलिनमचा ‘बी’ प्रकार हे एकाच प्रथिनाचा, एकाच ठिकाणचा, एकच बंध तोडतात. मला जीवशास्त्रातल्या फार थोड्या गोष्टी याइतक्या थक्क करणाऱ्या वाटतात. घाव एकच आहे. फरक पडतो तो घाव कुठल्या पेशीत बसतो याने.

हात उचलायचा तर मज्जारज्जूतून निघालेल्या चेतातंतूच्या टोकाने स्नायूला रासायनिक निरोप द्यावा लागतो. तो निरोप म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. टोकाच्या आत ते अगदी बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. पिशवीच्या अंगावर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन असतं आणि पेशीच्या पडद्यावर दुसरी दोन: सिंटॅक्सिन आणि स्नॅप-25. विजेचा संदेश टोकाला पोचला, कॅल्शियम आत शिरलं की ही तिन्ही प्रथिनं दोरीचे पेड वळावेत तशी एकमेकांभोवती घट्ट वळली जातात, पिशवी पडद्याला येऊन चिकटते, फुटते आणि रसायन बाहेर पडतं. सिनॅप्टोब्रेव्हिनमधल्या 76व्या आणि 77व्या अमिनो आम्लांमधला बंध तुटला की हे वळणं होत नाही. पिशवी भरलेली राहते, संदेशही येत राहतो, पण निरोप पुढे जात नाही.

बॉट्युलिनमचं विष हे काम स्नायूपाशीच, चेतातंतूच्या टोकात करतं. (‘ए’ प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिनऐवजी स्नॅप-25 कापतो, परिणाम तोच.) स्नायूला आज्ञाच मिळत नाही, म्हणून तो सैल पडतो. आधी डोळे: एकाचे दोन दिसतात, पापण्या गळतात. मग बोलणं, गिळणं, मग हात आणि शेवटी श्वास. माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं.

धनुर्वाताचं विषसुद्धा स्नायूपाशीच चेतातंतूत शिरतं, पण तिथे थांबत नाही. ज्या कप्प्यात बसून ते आत येतं, तो कप्पा तंतूच्या आतल्या वाहतुकीबरोबर उलट दिशेने मज्जारज्जूपर्यंत जातो. तिथे विष त्या पेशीतून बाहेर पडतं आणि शेजारच्या आवर घालणाऱ्या पेशीत शिरतं. या पेशींचं काम समजून घेतलं की सगळा रोग समजतो. आपण कोपर दुमडतो तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आखडतो आणि त्याच क्षणी मागच्या स्नायूला गप्प बसवलं जातं. हे गप्प बसवणं ग्लायसिन आणि गाबा या रसायनांनी होतं आणि त्यांच्याही पिशव्या सिनॅप्टोब्रेव्हिनवाचून फुटत नाहीत. ते कापलं गेलं की आवर संपला. पुढचा आणि मागचा दोन्ही स्नायू एकदम आखडतात आणि ओढाताणीत बलवान जिंकतो. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान, म्हणून दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंना भारी पडतात, म्हणून पाठ मागे वाकून कमान होते. दरवाजा आपटला, कुणी नुसता हात लावला तरी झटका येतो, कारण आत आलेल्या कुठल्याही उत्तेजनाला अडवणारं कुणी उरलेलं नसतं. कुचल्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन ग्लायसिनचा निरोप घेणारी जागाच अडवतं. त्या विषबाधेतले झटकेही असेच दिसतात.

धनुर्वाताच्या निदानाला रक्ताच्या तपासणीची फारशी मदत होत नाही. ते डॉक्टरच्या नजरेवर आणि बोटांवर चालतं. एक साधी चाचणी आहे. लाकडी पट्टीने घशाच्या मागच्या बाजूला हलकेच स्पर्श करायचा. निरोगी माणसाला उबळ येते आणि तो पट्टी बाहेर ढकलतो. धनुर्वाताचा रुग्ण उलट ती दातांत करकचून पकडतो.

तान्ह्या बाळांत हे दोन्ही रोग एकाच तक्रारीने समोर येतात: बाळ दूध ओढत नाही. जन्मल्यावर दोन दिवस नीट प्यायलेलं बाळ तिसऱ्या दिवसानंतर ओढेनासं झालं, हातापायांना ताठपणा आला, स्पर्शाने झटके येऊ लागले तर तो नवजात धनुर्वात. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली किंवा तिच्यावर शेण-माती लावली, तर त्यातले बीजाणू तिथे रुजतात. दुसरं बाळ बहुधा काही महिन्यांचं असतं. त्याला आधी बद्धकोष्ठता होते, मग रडणं क्षीण होतं, मान धरवत नाही, पापण्या जड होतात, अंग चिंधीसारखं लोंबतं. त्याच्या आतड्यात बॉट्युलिनमचे बीजाणू रुजून तिथेच विष बनत असतं. तो जिवाणू ‘बी’ प्रकारचा असेल, तर दोन्ही बाळांत तुटलेला बंध तोच असतो.

उपचारांचं दुखणंही एकच आहे. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठतं; चेतापेशीच्या आत शिरलेल्याला नाही. म्हणून ते लवकर द्यावं लागतं आणि देऊनही झालेलं नुकसान लगेच भरून येत नाही. पेशी नवी प्रथिनं बनवेपर्यंत, तंतूंची नवी टोकं फुटेपर्यंत आठवडे जातात. तोवर श्वास यंत्राने चालू ठेवणं, झटके औषधांनी दाबणं एवढंच हातात असतं. शिवाय धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. रोग घडवणारी विषाची मात्रा इतकी अल्प असते की प्रतिकारशक्ती तयार करण्याइतकी तिची दखलच शरीर घेत नाही.

नवजात धनुर्वाताचं निर्मूलन भारताने 2015 साली साधलं: प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. गर्भारपणातली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांचं हे फळ. आईची प्रतिद्रव्यं वारेतून बाळाला मिळतात. पण बीजाणू मातीत आहेत तसेच आहेत, म्हणून दुसऱ्या डोसला चुकलेल्या गर्भवतीचा पाठपुरावा करणाऱ्या आशाताईंचं काम संपलेलं नाही.

बॉट्युलिझमच्या बाबतीत मात्र आपल्या घरांत एक रीत अजून चालू आहे. बारशाआधी बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात, पुढे गुटीही मधात उगाळतात. प्रेमाने करतात, हे मी जाणतो. तरी ती बंद व्हावी असं मला ठामपणे वाटतं. मधात बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मध शुद्ध असो वा जंगली, फरक पडत नाही आणि घरच्या चुलीवर उकळूनही ते मरत नाहीत. त्यांना 121 अंश सेल्सिअस लागतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीपासून नांदणारे जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. बाळाच्या आतड्यात तो बंदोबस्त अजून तयार व्हायचा असतो. त्यामुळे वर्षाच्या आत मध नाही, चाटणभरसुद्धा नाही. पहिल्या वाढदिवसानंतर द्यायला हरकत नाही.