रजेचे पैसे हवेत? मग आधी रजाच मागा

वडनेर भोलजीसारख्या महामार्गावरच्या गावात हॉटेल, मोठे दुकान किंवा गोदामात वर्षानुवर्षे काम करणारे अनेक जण रजा घेतच नाहीत. पेरणीच्या दिवसांत शेताकडे जायचे असते, पण मालक म्हणतो, ‘आत्ता नको, पुढे बघू.’ पुढचे वर्ष येते आणि मागची रजा कुणालाच आठवत नाही. मग एक दिवस कामगार अर्ज देतो, ‘माझ्या शिल्लक रजेचे पैसे मिळावेत.’ मालक नाही म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. इथे अडचण बहुतेक वेळा अर्जाच्या क्रमात असते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस पगारी अर्जित रजा मिळते. ही रजा जास्तीत जास्त ४५ दिवस साठवता येते. त्यापुढच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कायदा देतो, पण एका अटीवर: कामगाराने १५ दिवस आधी रजेचा अर्ज केलेला हवा आणि मालकाने ती रजा नाकारलेली हवी. म्हणजे थेट पैसे मागणाऱ्याच्या हाती फक्त विनंती असते. मालकाने खुशीने दिले तर उत्तम, पण रजा मागून नकार घेतलेल्याच्या हाती हक्क असतो.

एक उदाहरण घेऊ. महामार्गावरच्या एका हॉटेलात २४ माणसे कामाला आहेत. त्यातल्या काउंटरवरच्या कामगाराने २०२२ पासून दरवर्षी ३०० दिवस काम केले आणि अर्जित रजा एकदाही घेतली नाही. वर्षाला १५ दिवस याप्रमाणे २०२२ ते २०२४ या तीन वर्षांच्या कामाचे ४५ दिवस साठले, मर्यादा भरली. २०२५ च्या कामाचे १५ दिवस २०२६ मध्ये वर आले. हेच दिवस धोक्यात असतात. त्याने गप्प बसायचे ठरवले तर ते वाया जाऊ शकतात. १ जूनला त्याने २० जून ते ४ जुलै अशी १५ दिवसांची रजा लेखी मागितली आणि मालकाने नाकारली, तर रोजचे ५०० रुपये धरून ७,५०० रुपये मागता येतात. उरलेले ४५ दिवस खात्यावर राहतात.

पहिल्या अर्जात पैशाचा शब्दही नको. ‘माझ्या खात्यावर ६० दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. शेतीच्या कामासाठी दि. २० जून ते ४ जुलै २०२६ अशी १५ दिवसांची रजा मंजूर व्हावी,’ एवढे पुरे. दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर पोच म्हणून सही व तारीख घ्यावी. सही द्यायला कुणी तयार नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून द्याव्यात: ‘आज आपण रजा देता येत नसल्याचे सांगितले, त्याची नोंद घ्यावी.’

दुसरा अर्ज नकारानंतरचा. विषय: ‘नामंजूर अर्जित रजेच्या रोखीकरणाबाबत’. मजकूर असा चालेल: ‘दि. १ जूनच्या अर्जान्वये मागितलेली १५ दिवसांची रजा आपण नामंजूर केली आहे. ४५ दिवसांवरील ही रजा असल्याने कलम १८ नुसार तिची रक्कम पुढील पगारासोबत मिळावी.’ ‘कृपा करून’, ‘गरीब माणूस आहे’ अशी वाक्ये टाळलेली बरी; त्यांनी हक्काची मागणी याचनेसारखी दिसते. सोबत पहिल्या अर्जाची पोच जोडावी.

हीच पोच नोकरी सोडतानाही कामी येते. रजा मागून नाकारली गेली आणि कामगाराने नोकरी सोडली, तर त्या रजेचे पैसे द्यावे लागतात. मालकानेच कामावरून काढले तर न दिलेल्या रजेचे पैसे देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. कॅज्युअल व सणांच्या सुट्या मात्र यात येत नाहीत.

गावात ‘३०० दिवसांचे पैसे मिळतात’ असेही ऐकू येते. ती गोष्ट सरकारी कर्मचाऱ्यांची, तीही निवृत्तीच्या वेळची. तो नियम खासगी दुकानाला लागत नाही. जिनिंगसारख्या कारखान्यांनाही वेगळा कायदा आहे. दुकाने कायद्यात मुळात १० कामगारांची अट होती. ती २० करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी हजेरीपटावर किती नावे आहेत ते मोजावे. दुसऱ्या अर्जालाही उत्तर आले नाही तर दोन्ही अर्जांच्या प्रती घेऊन बुलढाण्याला सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे लागेल.