नावेतल्या जागा कोणी मोजल्या?

आज १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन तर आहेच, पण हिंगोलीकरांसाठी हा जिल्ह्याचा वाढदिवसही आहे. १९९९ साली याच दिवशी परभणीतून हिंगोली वेगळा झाला. आजच्या दिवशी आणखी एका मे महिन्याची आठवण काढली पाहिजे, ती १९७३ च्या. राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर त्या महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. आजचे औंढा, कळमनुरी, सेनगाव, वसमत हे तालुके तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढे म्हटले की लाल मिलोची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी आणि खडी फोडून सोललेले हात त्यांना आठवतात.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७४ मध्ये, गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. त्याने वाचकापुढे एक कल्पना ठेवली. समुद्रात एक जीवनरक्षक नाव आहे. तिच्यात पन्नास माणसे बसली आहेत, फार तर आणखी दहा मावतील आणि भोवती शंभर जण पाण्यात हातपाय मारत आहेत. सगळ्यांना घेतले तर नाव बुडेल. दहांना घ्यायचे तर कोणते दहा, आणि मग वादळासाठी राखलेली जागाही गेली. हार्डिनचे उत्तर होते, कोणालाच घेऊ नका. नाव म्हणजे श्रीमंत देश, पाण्यातले म्हणजे गरीब देश. त्याच्या उदाहरणांत भारत ठळकपणे होता. उपाशी भारताला धान्य दिले तर लोकसंख्या वाढेल आणि पुढचा दुष्काळ आणखी मोठा होईल, असे त्याचे म्हणणे होते. त्याआधी १९६७ मध्ये पॅडॉक बंधूंनी तर युद्धातल्या जखमींची करतात तशी देशांची वर्गवारी केली आणि भारताला ‘वाचवणे शक्य नाही’ या रांगेत बसवले होते.

ही कल्पना मूर्खपणाची नव्हती. साधने कमी आणि माणसे जास्त असा प्रसंग खरोखर येतो. एप्रिल-मे २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत एका खाटेसाठी दोन रुग्ण दारात आले, तेव्हा डॉक्टरांना तो टाळता आला नाही. अशा रात्री निवड करावीच लागते. तिचे निकष आधी ठरलेले आणि सर्वांना माहीत असलेले हवेत, ओळखीवर किंवा पैशावर ठरणारे नकोत. पण त्या रात्रीही एक प्रश्न उरतोच. खाटा इतक्याच का होत्या, आणि ते कधी, कोणी ठरवले? हार्डिनच्या गोष्टीत हा प्रश्न विचारायला जागाच नाही. तिथे नाव आयती येते, तिच्यातल्या जागा मोजलेल्या असतात आणि मोजणारा आत बसलेला असतो.

बहात्तरच्या दुष्काळाने नेमके हेच गृहीतक मोडले. पाऊस सलग तीन वर्षे हुलकावणी देत होता आणि १९७२-७३ मध्ये राज्यातले धान्य उत्पादन नेहमीच्या मानाने कोसळले. हिशेब फक्त धान्याच्या पोत्यांचा केला असता तर हार्डिनचे म्हणणे खरे वाटले असते. पण दुष्काळात माणूस बहुधा मरतो तो बाजारात धान्य उरत नाही म्हणून नव्हे, तर ते घ्यायला त्याच्या हातात पैसा उरत नाही म्हणून. शेत पिकले नाही की शेतमजुराची मजुरी पहिल्यांदा बुडते. सरकारने दुष्काळी कामे काढून ती मजुरी उभी केली. रेशनवरचे धान्य गरजेला पुरणारे नव्हतेच. पण हातात मजुरी आल्यावर बाहेरच्या राज्यांतले धान्य, निर्बंध असूनही, महाराष्ट्राकडे वळले. गुरे मेली, मुलांची वाढ खुंटली, माणसे खंगली. तरीही बंगालच्या १९४३ च्या दुष्काळासारखे लाखोंनी मृत्यू झाले नाहीत.

आणि निवड कोणी केली? कोणीच नाही. या कामांचे मर्म मला इथे दिसते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली आणि शेजारच्या पुसदच्या वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत राज्यभर नेलेली रोजगार हमी एका साध्या तत्त्वावर उभी होती : जो काम मागेल त्याला काम. कोण खरा गरीब, कोणाचे घर पक्के, कोण कोणत्या जातीचा, हे कोणा साहेबाने ठरवायचे नाही. भर उन्हात पाझर तलावावर माती वाहायला गरज नसलेला माणूस येत नाही. सकाळी हजेरी व्हायची, टोळीला खड्डा नेमून दिला जायचा. खोली मोजता यावी म्हणून खड्ड्यात मातीचा एक खांब न खोदता ठेवायचा आणि मोजमापावर मजुरी ठरायची. पुढे १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा या कामांसाठी पैसा जाऊ लागला. योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

या तत्त्वाची एक दुखरी बाजूही आहे. ज्याच्या अंगात घमेले उचलायचे बळ नाही त्याचे काय? म्हातारी, आजारी माणसे, दिवस भरत आलेली बाई यांना मोजमापाची मजुरी जगवू शकत नाही. त्यांच्यासाठी घरपोच मदत लागते आणि ती बहात्तरमध्येही अपुरीच होती. श्रमाची कसोटी धडधाकट गरिबाला न्याय देते, दुबळ्याला देत नाही.

लोकसंख्येबद्दलची हार्डिनची भीतीही टिकली नाही. ज्या राज्याने उपाशी माणसाला काम दिले, तिथे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका बाईमागे सरासरी १.७ मुले आढळली. लोकसंख्या स्थिर राहायला लागतो त्याहूनही हा आकडा कमी आहे.

२००५ मध्ये हमीचा कायदा देशाने केला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तो पहिल्यांदा ज्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाला त्यांत हिंगोली होता. त्यानंतर काय बिघडले ते बाहेरून सहज दिसत नाही. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा, अशी अट होती आणि तारखेची पोच हा त्या मागणीचा पुरावा. म्हणून अर्ज तोंडी घेतला जातो, पोच टाळली जाते. मागणीची नोंदच नसली की कागदोपत्री मागणी ‘शून्य’ दिसते. मग काम निघते तेव्हा कोणाला बोलवायचे ते गावातले दोन-चार जण ठरवतात. ज्याचे नाव त्यांना सुचत नाही तो कुटुंब घेऊन ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघून जातो. हार्डिनची नाव अशी गुपचूप गावात येते. आत बसलेल्यांनीच ती बांधलेली असते.

ओळखायची खूण सोपी आहे. दिवाळीनंतर घरांना कुलपे लागत असतील आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत कामाची मागणी नसेल, तर नोंद खोटी आहे. कायद्याचे नाव बदलो, दिवस बदलोत, पोचेचे महत्त्व बदलत नाही. आजच्या ग्रामसभेत जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाने दोनच गोष्टी मागाव्यात : गेल्या वर्षी काम मागणाऱ्या किती जणांना तारखेची पोच दिली त्याची यादी मोठ्याने वाचून दाखवा, आणि ज्यांना कष्टाचे काम झेपत नाही त्यांची नावे वेगळी लिहून घ्या.