बोटाने झाकून पाहा

परवा भाच्याने कचेरीच्या नेटवर्कच्या आराखड्याचा फोटो पाठवला. "मामा, दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या. आता घोर नाही ना?"

आकृती ताऱ्यासारखी : मधल्या स्विचला चारी मजल्यांचे स्विच जोडलेले. मी एकेक चौकोन बोटाने झाकीत गेलो. मजल्याचा स्विच झाकला, तर तेवढाच मजला बंद. एक लाइन झाकली, तर दुसरी शाबूत. पण दोन्ही लाइनी एकाच फायरवॉलमध्ये शिरत होत्या. ती झाकताच सारी कचेरी इंटरनेटला मुकली! मधला स्विच झाकला, तर मजल्यामजल्यांतला संबंधही तुटला.

"ही दोन्ही यंत्रे जोडीने हवीत," मी कळवले, "आणि लाइनी इमारतीत एकाच नळीतून येतात का, बघ. फोटोत ते दिसत नाही."

संध्याकाळी उत्तर आले, "नळी एकच, मामा. अन् प्लगही!"